हॉटेलचे पैसे दोनदा भरले, आणि ऑफिसने दोन्ही बिलं नाकारली

ऑफिसच्या कामासाठी फिरणाऱ्यांनी हे वाचाच. तीन रात्रींच्या मुक्कामाचे मी दोनदा पैसे भरले. आधी ११,८५० रुपये बुकिंग एजंटला. त्याने हॉटेलला एक पैसाही दिला नव्हता, हे काउंटरवर कळलं, म्हणून निघताना वर १४,४५२ रुपये हॉटेलला. परत आल्यावर दोन्ही बिलं क्लेमला जोडली, तर अकाउंट्सचा शेरा आला: 'एकाच तारखांची दोन बिलं, दुहेरी क्लेम, नामंजूर.' लुबाडलं मला आणि संशयही माझ्यावरच!

एजंट कसे गंडवतात ते सगळ्यांना माहीत आहे. मला आजही जाळतो तो पैसे भरतानाचा क्षण. व्हाउचरवर हॉटेलचं नाव, तारखा, माझं नाव, सगळं व्यवस्थित होतं. पण हॉटेलचा बुकिंग क्रमांक कुठेच नव्हता, होता तो एजंटचा स्वतःचा नंबर. आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नव्हे, कुणा व्यक्तीचं नाव आलं. मी विचारलंसुद्धा. 'आमचे अकाउंटंट आहेत मॅडम, त्यांच्याच खात्यावर घेतो,' म्हणाला. निघायला काही तास उरले होते, ट्रॅव्हल डेस्क फोन उचलत नव्हता, मीटिंग पुढे ढकलता येत नव्हती. माझ्या जागी कुणीही भरले असते. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी थेट हॉटेलला फोन करून तुमच्या नावावर बुकिंग आहे का, ते विचारा.

नामंजुरीनंतर मी सगळी हकिगत लिहून पाठवली. उत्तर काय, तर 'प्रकरण विचाराधीन आहे.' अकाउंट्सला तुमच्या फसवणुकीशी देणंघेणं नसतं. त्यांच्यासमोर एकाच मुक्कामाच्या दोन रकमा असतात आणि त्यातली खरी कोणती, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. म्हणून अपिलात मी दोन्ही रकमा वेगळ्या केल्या. एजंटचे ११,८५० रुपये क्लेममधून मागे घेतले, कारण त्या पैशांत मुक्काम झालाच नव्हता आणि आमच्या धोरणात अशा नुकसानीची तरतूद नाही. हॉटेलच्या बिलातून लाँड्रीचे ३४० रुपये स्वतःच वजा केले. उरले १४,११२.

नुसतं 'धोरणानुसार द्या' म्हणू नका, कलम लिहा. आमच्याकडे ६.३ मध्ये स्पष्ट आहे: मुक्कामाचा प्रत्यक्ष खर्च, कर सोडून रात्री ४,५०० पर्यंत, मूळ बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा असल्यास. माझा दर ४,२०० होता. शेवटची ओळ मी अशी लिहिली: 'कलम ६.३ नुसार १४,११२ रुपये मंजूर करावेत. नाकारायचे असल्यास कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावं.' विषयात क्लेम नंबर, प्रत मॅनेजरला. अपिलाची मुदत असते, आमच्याकडे नामंजुरीपासून १५ दिवस. 'विचाराधीन'वर विसंबून ती घालवू नका.

पुराव्यातही एक गोची होती. चेक-इनला हॉटेलने कार्डावर १६,००० अडकवून ठेवले होते आणि मी जोडलेली स्लिप त्याचीच होती. ती रक्कम बिलाशी जुळेना. ती स्लिप चालत नाही. स्टेटमेंटमध्ये प्रत्यक्ष कापलेल्या १४,४५२ ची नोंद जोडा. हॉटेलकडून रात्रवार तपशिलाचं बिल पुन्हा छापून मागवा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लेटरहेडवर दोन ओळी घ्या: 'या मुक्कामापोटी कोणतीही आगाऊ रक्कम मिळाली नव्हती, पाहुण्यांनी पूर्ण रक्कम निघताना भरली.' या पत्रानेच दुहेरी क्लेमचा आरोप पुसला आणि १४,११२ मंजूर झाले.

११,८५० मात्र अडकलेलेच आहेत. बँक म्हणते, व्यवहार तुम्ही स्वतः केलात, आम्ही काय करणार? समोरचं खातं त्यांच्याच बँकेतलं, नाव माझ्या स्क्रीनवर आलेलं, तरी ते गोठवायचं म्हटलं की 'पोलिसांचं पत्र आणा.' पोलीस म्हणतात, एजंटने सेवा दिली नाही हा दिवाणी वाद, ग्राहक मंचात जा. अहो, हॉटेलशी त्याचा काडीचा संबंध नसताना त्याने हॉटेलच्या नावाचा कागद बनवला, हा वाद कसला? ही सरळ बनावट कागदपत्रं आहेत! तासन्‌तास बसवून तक्रार घेतली ती अर्जाच्या पानावर, पोच मागितली तर साहेब आल्यावर या म्हणे. पोच हातात पडेपर्यंत तिथून उठू नका, कारण तिच्याशिवाय बँक फाईलच उघडत नाही.

हॉटेलचं ते पत्र आता पोलिसांच्या अर्जालाही जोडलंय. बँकेच्या नकाराविरुद्ध वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज गेलाय, त्यातही मागणी एकच: ते खातं गोठवा आणि ११,८५० परत करा.