करपा दाखवून बिनबिलाची बाटली खपवली

नारायणगावच्या बाजूला टोमॅटो करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. 'कृषी सल्लागार' म्हणवणारा एक जण गाडी घेऊन बांधाबांधावर फिरतोय. आमच्या प्लॉटमध्ये तोडा सुरू होता आणि खालची पानं पिवळी पडत चालली होती. त्याने गाडी थांबवली, वाकून अगदी बुडातलं, मातीला टेकलेलं एक पान तोडलं आणि भिंगाखाली धरलं. "दादा, करपा आहे. आठ दिवसांत प्लॉट जाईल." तीन हजारांची बाटली दिली. बिल नाही, आणि लेबलवर नोंदणी क्रमांकही नाही.

त्या पानावर करपा होता, हे खरं. तपकिरी गोल ठिपका, आत एकात एक वर्तुळं, भोवती पिवळी कडा. पण मातीला टेकलेल्या पानावर असा एखादा ठिपका बहुतेक प्लॉटमध्ये सापडतोच. त्याने तेवढंच पान दाखवलं आणि बाकीच्या झाडाकडे बघूच दिलं नाही.

फवारणी झाली तरी पिवळेपणा वर चढतच राहिला. शेवटी पानं घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी पान उजेडासमोर धरलं. शिरा हिरव्यागार आणि शिरांमधली जागा पिवळी होती. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तोच नमुना, आणि ओळीतल्या प्रत्येक झाडावर त्याच वयाच्या पानांवर. बुरशी इतकी शिस्तीत येत नाही. ती शिरा ओलांडून पसरते, एका पानावर पाच ठिपके तर शेजारच्यावर एकही नाही. आमच्याकडे मॅग्नेशियमची कमतरता होती. फळं फुगावीत म्हणून ठिबकमधून पोटॅश सढळ हाताने जात होतं, आणि पोटॅश जास्त झालं की मुळांना मॅग्नेशियम कमी उचलता येतं. झाड मग जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह कमी पडलं तर नमुना असाच दिसतो, पण शेंड्याच्या कोवळ्या पानांवर.

पोटॅश कमी केलं आणि लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारलं. वाळलेला भाग काही हिरवा झाला नाही, पण पिवळेपणा वर चढायचा थांबला.

हा माणूस आणखी एक युक्ती करतो. पान ओल्या कागदासोबत पिशवीत ठेवायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी आलेली काळी लव दाखवून 'बघा बुरशी' म्हणतो. मेलेल्या पानावर ओलीत कुठलीही बुरशी वाढते, तो रोगाचा पुरावा नव्हे. कमतरतेने अशक्त झालेल्या झाडावर खरा करपाही येऊ शकतो, म्हणून वेगवेगळ्या ओळींतली, मधल्या उंचीची पानं तोडून बघा. वर्तुळाचे ठिपके तिथेही असतील तर औषध घ्या, पण परवानाधारक दुकानातून आणि बिलासकट.

तालुका कृषी कार्यालयात तक्रार दिली आहे. तुमच्याकडेही ती बाटली आली असेल तर उरलेल्या औषधासकट जपून ठेवा आणि तिथे नेऊन दाखवा.