‘उल्लेख नाही’ या एका उत्तरापायी: पडताळणीचं मॉडेल काही महिने वापरल्यावर

तथ्यपडताळणीसाठी पैसे भरून घेतलेली ऑनलाइन सेवा बंद करून आता बरेच महिने झाले. फुकटच्या मॉडेलवर काम चालू आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही. काम साधं आहे: दिवाळी अंकातल्या लेखांची तथ्यं तपासायची. लेखकाचं एक विधान घ्यायचं, त्याने संदर्भ म्हणून दिलेला उतारा घ्यायचा आणि तीनपैकी एक शिक्का मारायचा. उताऱ्यात आधार आहे, उतारा उलट सांगतो, किंवा उताऱ्यात उल्लेख नाही. विधान खरं आहे का, हा प्रश्नच नाही. या उताऱ्यावरून ते म्हणता येतं का, एवढंच बघायचं.

भांडण झालं ते तिसऱ्या शिक्क्यावरून. एका लांबलचक लेखाच्या संदर्भात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात जे वाक्य जवळजवळ तसंच्या तसं होतं, त्याला सेवेने ‘उल्लेख नाही’ म्हटलं. मी स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, “मॅडम, सिस्टीम व्यवस्थित चालू आहे, आपण विधान सोप्या शब्दांत लिहून पाहा.” विधान सोपं केलं, उत्तर तेच. चार ईमेल झाल्यावर कोणीतरी कबूल केलं की ठरावीक लांबीच्या पुढचा उतारा मॉडेलपर्यंत पोचतच नाही. तो कापला जातो आणि कापला गेल्याची सूचना कुठेही येत नाही. बिल मात्र अख्ख्या उताऱ्याचं.

ही काही एकट्या त्या सेवेची खोड नाही. या कामाची लहान मॉडेलं बहुतेक BERT या भाषा-मॉडेलच्या घराण्यातली, आणि त्यांना एका वेळी ५१२ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, झेपतात. त्यात उताराही आला आणि विधानही. देवनागरीत एका शब्दाचे सहज दोन तुकडे पडतात, जोडाक्षरं आणि विभक्ती असतील तर त्याहून जास्त. म्हणजे दोनशे-अडीचशे शब्दांवर मराठी उतारा संपतो आणि पुढचं सगळं मॉडेलच्या लेखी लिहिलेलंच नसतं. अशा वेळी ‘उल्लेख नाही’ हे उत्तर मॉडेलच्या बाजूने अगदी प्रामाणिक असतं, आणि म्हणूनच ते पकडता येत नाही. खुलं मॉडेल घरच्या लॅपटॉपवर बसवल्यावर पहिल्या दिवशी लिहिलेल्या ओळी या:

```python
n = len(tok(utara, vidhan)["input_ids"])
if n > 512:
    print("उतारा मावत नाही:", n)
print(model.config.id2label)
```

शेवटची ओळ फालतू वाटेल, पण ठेवा; कुठला क्रमांक म्हणजे कुठला शिक्का, ते ती दाखवते. काही मॉडेलांत शून्य क्रमांक म्हणजे आधार, काहींत शून्य म्हणजे विरोध. मॉडेल बदललं आणि हे बघितलं नाही, तर सगळे निकाल उलटे लागतात आणि तरी दिसायला छान दिसतात. उतारा आधी आणि विधान नंतर, हा क्रमही पाळायचा.

लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. तरी mDeBERTa जातीचं बहुभाषी मॉडेल एका विधानाला चहाचा घोट घ्यायलाही वेळ देत नाही. दरमहा पैसे कशाचे देत होते, असा विचार आला आणि मी आनंदात पाच तारे द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात पहिल्या रेल्वेवरचा एक लेख आला.

लेखकाने दिलेला उतारा थोडक्यात असा: “१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली. गाडीला १४ डबे होते आणि त्यात सुमारे ४०० प्रवासी होते. हे अंतर २१ मैलांचं होतं.” ‘पहिल्या गाडीतून सुमारे चारशे जण ठाण्याला गेले’ याला आधार मिळाला. आकडा अक्षरांत लिहिलेला असूनही मिळाला, हे विशेष. ‘पहिली गाडी बोरीबंदरहून पुण्याला निघाली’ याला विरोध, तेही बरोबर. ‘गाडीला तीन इंजिनं जोडली होती’ याला ‘उल्लेख नाही’. इंजिनं खरोखर तीन होती, साहिब, सिंध आणि सुलतान अशी त्यांची नावंही प्रसिद्ध आहेत. पण या उताऱ्यात ती नाहीत, म्हणून शिक्का योग्यच. लेखकाला फोन करून दुसरा संदर्भ मागवायचा, विधान खोडायचं नाही. हा फरक ज्याला कळतो त्यालाच हे साधन उपयोगी आहे.

मग चौथं विधान: ‘१८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत पोचली.’ हेही खरं आहे. १ मे १८५४ ला मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. उताऱ्यात १८५४ नाही, कल्याणही नाही. उत्तर ‘उल्लेख नाही’ हवं. मॉडेलने ठाम विरोध सांगितला, नव्वद टक्क्यांच्या पुढे खात्रीने.

यावर मी फार वेळ घालवला, एका दिवाळी अंकाच्या मानधनाला न परवडणारा. पण कारण सापडलं. या मॉडेलांचं शिक्षण मुख्यतः SNLI आणि MNLI या इंग्रजी वाक्यजोड्यांच्या संचांवर झालेलं असतं. २०१५ च्या SNLI मध्ये लोकांना फोटोच्या ओळी दाखवून तीन प्रकारची वाक्यं लिहायला सांगितली होती, आणि दोन्ही वाक्यं एकाच प्रसंगाबद्दल आहेत असं धरलं होतं. त्या संचाच्या कर्त्यांनी स्वतःच बोटीचं उदाहरण दिलं आहे: एक बोट पॅसिफिक महासागरात बुडाली, एक बोट अटलांटिक महासागरात बुडाली. जगात दोन्ही एकदम खरं असू शकतं, पण प्रसंग एकच मानला की तो विरोध ठरतो. म्हणून मॉडेल शिकलं असं की जागा वेगळी किंवा साल वेगळं, म्हणजे भांडण. १८५३-ठाणे आणि १८५४-कल्याण या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्याच्या ध्यानीमनीही नाही.

‘उल्लेख नाही’ची बाजू तर मुळातच लंगडी आहे. विकिपीडियावर आधारलेल्या २०१८ च्या FEVER संचात १,८५,४४५ विधानं आहेत. त्यात ‘पुरेशी माहिती नाही’ या गटाला पुरावा म्हणून कोणतंच वाक्य जोडलेलं नाही. जोडणार कुठून, पुरावाच नसतो. शिकवताना मग कुठलं तरी पान उचलून लावतात, आणि ते बऱ्याचदा विषयाशी इतकं लांबचं असतं की शाळकरी पोरही सांगेल, संबंध नाही. अवघड प्रकार असतो तो विषय तोच, माणसं तीच, फक्त विचारलेली गोष्ट गायब. संपादकाकडे रोज येतो तो हाच, आणि शिकवताना सगळ्यात कमी वाट्याला येतो तोही हाच. मराठीची आणखी एक अडचण म्हणजे XNLI या अशाच बहुभाषी संचाच्या १५ भाषांत हिंदी आणि उर्दू आहेत, मराठी नाही. २०२२ च्या IndicXNLI या भारतीय भाषांच्या संचात मराठी आली, पण यंत्राने भाषांतर केलेली.

इथपर्यंत माझं मत होतं की हे साधन संपादकाच्या टेबलावर ठेवू नये. नंतर ते बदललं, कारण उतारा अख्खा द्यायचं बंद केलं. आता मी उताऱ्याचे तीन-तीन वाक्यांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा पुढच्याशी एका वाक्याने जोडलेला ठेवते, म्हणजे ‘ती गाडी’ म्हणजे कुठली गाडी हे बहुतेक वेळा हरवत नाही. एकाही तुकड्याने नीट आधार दिला की काम झालं. ५१२ चा प्रश्न तिथेच मिटला. शिवाय ही मॉडेलं एकेका वाक्याच्या जोड्यांवर शिकलेली असल्यामुळे लहान तुकड्यांवर त्यांचं डोकंही बरं चालतं.

विरोधाचं मात्र उलटं होतं. तुकडे जितके जास्त, तितकी एखाद्या तरी तुकड्याने खोटा विरोध ओरडण्याची शक्यता जास्त. म्हणून विरोधाला माझ्याकडे वेगळी चाळणी आहे: विधान आणि तुकडा एकाच घटनेबद्दल बोलतात का, ते मी स्वतः वाचून ठरवते. नसतील, तर मॉडेल काहीही म्हणो, शिक्का ‘उल्लेख नाही’. कल्याणचं विधान या चाळणीत लगेच सुटलं. हे काम यंत्रावर सोपवायचे प्रयत्न मी सोडून दिले आहेत. वाचायला एकच तुकडा असतो, दहा पानं नसतात, आणि त्यातच सगळी बचत आहे.

आकड्यांबद्दल तक्रार आणि कौतुक, दोन्ही आहे. त्याच लेखात पुढे एके ठिकाणी ‘३४ मैल’ पडलं होतं. लेखकाच्या डोक्यात किलोमीटर होते, हातातून मैल उतरले. दोघा मुद्रितशोधकांच्या नजरेतून ते सुटलं आणि मॉडेलने पकडलं. त्या दिवशी मी चहा पाजला असता, पण पाजणार कोणाला. दुसऱ्याच दिवशी मजकूर दुरुस्त होऊन ‘३४ किलोमीटर’ आला, तर त्यालाही विरोध! २१ मैल म्हणजेच सुमारे ३४ किलोमीटर, हा हिशोब त्याला येत नाही. ते फक्त २१ आणि ३४ बघतं. ‘साडेतीन’ आणि ‘३.३०’ कधी जुळतात, कधी नाही. ‘दीड लाख’, ‘पावणेदोन कोटी’ अशा आकड्यांवर तर भरवसाच ठेवू नका. उतारा आणि विधान दोन्हींतले आकडे आधी एकाच पद्धतीने लिहून घ्या, एककंही एकच करा, मगच विचारा.

नवीन मॉडेल घेताना मी एक चाचणी करते, तीही सांगते. उताऱ्याच्या जागी कुठल्याही विषयाचा परिच्छेद टाकायचा, समजा पुरणपोळीची कृती, आणि विधान रेल्वेचंच ठेवायचं. प्रत्येक वेळी ‘उल्लेख नाही’ यायला हवं. मग त्याच विधानात ‘नाही’ घालायचं: ‘पहिली गाडी ठाण्याला गेली नाही.’ पुरणपोळीच्या कृतीवरून जर मॉडेल याला विरोध म्हणू लागलं, तर ते उतारा वाचतच नाही, विधानातला नकार बघून बोलतं. हा जुना आजार आहे. २०१८ मध्येच अभ्यासकांनी दाखवलं होतं की SNLI मधलं फक्त विधान वाचून, उतारा न बघता, सुमारे ६७ टक्के उत्तरं बरोबर देता येतात, आणि नकाराचे शब्द विरोधाकडे ढकलतात. मी तपासलेल्या मॉडेलांपैकी एक याच परीक्षेत आपटलं आणि त्याच संध्याकाळी हटवलं.

तारे द्यायचेच तर आधार शोधायला चार, विरोधाला अडीच, आणि ‘उल्लेख नाही’ला माझ्या चाळणीशिवाय एक. पैसे घेणाऱ्या सेवेकडून अजून ईमेल येतात. नव्या आवृत्तीत म्हणे उताऱ्याची मर्यादा वाढवली आहे. उतारा कापला तर सांगणार का, असं मी विचारलं. उत्तर आलं, “मॅडम, आपला अभिप्राय संबंधित टीमकडे पाठवला आहे.”