डिपॉझिटची शेवटची मागणी: स्वतःचं पत्र की वकिलाची नोटीस?

कोकणात भाड्याच्या घराचा मालक बरेचदा गावात नसतो. फ्लॅट रत्नागिरीत किंवा चिपळुणात, मालक डोंबिवलीत किंवा विरारला, आणि चावी त्याच्या भावाकडे. घर सोडताना चावी भावाकडे देतो, मीटरचं रीडिंग दाखवतो आणि "डिपॉझिट दादा ट्रान्सफर करेल" हे ऐकून निघतो. मग व्हॉट्सॲपवर सुरू होतं: "काका, डिपॉझिटचं बघा ना." उत्तर येतं, "पुढच्या महिन्यात." त्यानंतर, "गणपतीत येतोय, तेव्हा बसून बघू." आणि कधीतरी, "घराला रंग काढावा लागला, त्याचे पैसे कापावे लागतील."

तीन-चार आठवणी देऊन झाल्या की पाचवी तशीच पाठवण्यात अर्थ नाही. आता लेखी, तारीख घातलेली शेवटची मागणी करायची. ती स्वतः लिहायची की वकिलामार्फत नोटीस पाठवायची, आणि पैसे आले नाहीत तर पुढचं पाऊल म्हणून काय लिहायचं, हे दोन निर्णय आहेत. पहिला सोपा आहे. दुसऱ्यावर जास्त विचार करावा लागतो, कारण पत्राला वजन त्यातूनच येतं.

एक उदाहरण धरू. रत्नागिरीतला फ्लॅट, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, डिपॉझिट ६०,००० रुपये. भाडेकरूने ३१ मे रोजी घर रिकामं करून चावी दिली. महावितरणचं शेवटचं बिल १,८४० रुपये राहिलं होतं, ते मालकाने भरलं. मालकाचं म्हणणं, रंगकाम आणि खिडक्यांच्या ग्रिलसाठी २२,००० कापणार. करारात घर "नैसर्गिक झीज सोडून" होतं त्या स्थितीत परत द्यायचं, असं कलम आहे.

हे कलम किनाऱ्यावर फार महत्त्वाचं आहे. समुद्राकडच्या खिडकीचं ग्रिल खाऱ्या वाऱ्याने गंजतं, पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येऊन बुरशी धरते, लाकडी दार फुगून चौकटीला घासतं. घरात कोणी राहिलं नसतं तरी हे झालंच असतं. भिंतीत ठोकलेले खिळे, फुटलेलं बेसिन, गॅसच्या ओट्यावरची जळालेली फरशी हे नुकसान वेगळं, आणि त्याचे पैसे मालक मागू शकतो. मात्र काय मोडलं आणि किती खर्च आला हे त्याने दाखवायला हवं. म्हणून पत्रात "एक पैसाही कापू नका" असं लिहू नये. जे खरंच देणं आहे ते स्वतःच वजा करावं. आपल्या उदाहरणात मागणी ६०,००० ची नाही, ५८,१६० ची. आकडा असा चोख असला की समोरच्याला वाद घालायला जागा कमी उरते, आणि पुढे न्यायाधीशांसमोरही तुमचं म्हणणं प्रामाणिक दिसतं.

आता पहिला निर्णय. खासगी व्यक्तीकडून पैसे वसूल करण्यासाठी दावा लावायचा असेल तर आधी वकिलाची नोटीस द्यायलाच हवी, असं बंधन नाही. कायद्याच्या नजरेत तुमच्या सहीचं पत्र आणि वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस, दोन्ही लेखी मागणीच. फरक परिणामात आहे. वकिलाची नोटीस गेली की मालकही बहुधा वकील गाठतो. उत्तरात मग २२,००० चे ४५,००० होतात, जुन्या तक्रारी निघतात, आणि जो माणूस अजून "बघू" म्हणत होता तो "देणार नाही" म्हणायला लागतो. गावात नातं, ओळख, भावाचं दुकान हे सगळं असतं. तिथे हा बदल लवकर भरून येत नाही. स्वतःच्या पत्राने मालकाला शांतपणे पैसे देऊन मोकळं व्हायची वाट उघडी राहते. शिवाय वकिलाची फी वाचते. नोटिशीची फी मालकाकडून मिळेलच याची खात्री नसते.

वकील मात्र तीन प्रसंगी सुरुवातीलाच गाठावा. मालक डिपॉझिट घेतलंच नाही म्हणत असेल, त्याच्या बाजूने आधीच वकिलाचं पत्र आलं असेल, किंवा रक्कम काही लाखांत असेल. करार नोंदवलेला नसेल तर घाबरून जाऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. अशा वेळी डिपॉझिट दिल्याचा बँकेचा किंवा यूपीआयचा पुरावा पत्राला जोडावा.

पत्र एका पानात बसावं. गाभा असा:

"मा. श्री. ... यांस,
आपल्या रत्नागिरी येथील सदनिकेचा ताबा मी ३१ मे रोजी आपल्या बंधूंकडे दिला. करारानुसार डिपॉझिट रु. ६०,००० मला परत मिळायचे आहे. त्यातून वीजबिलाचे रु. १,८४० वजा जाता रु. ५८,१६० येणे आहे. रंगकाम व ग्रिलची कपात मला मान्य नाही, कारण ती कराराच्या कलम ... मधील नैसर्गिक झीज आहे. इतर नुकसान असल्यास त्याची छायाचित्रे व बिले पाठवावीत.
ही रक्कम सोमवार, २४ ऑगस्टपर्यंत खालील खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास २५ ऑगस्टपासून वार्षिक ७ टक्के दराने व्याज मागेन, आणि ३१ ऑगस्ट रोजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, रत्नागिरी येथे दावापूर्व अर्ज दाखल करेन. कराराखालील माझे इतर सर्व हक्क अबाधित आहेत."

यातल्या दोन गोष्टी हमखास चुकतात. "पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत" असं लिहिलं की मालक पत्र घेतच नाही आणि दिवस मोजायचे कुठून हाच वाद होतो. म्हणून कॅलेंडरातली तारीख आणि वार लिहावा. पत्र ३ ऑगस्टला टाकलं तर २४ ऑगस्ट पुरेशी आहे. दुसरं म्हणजे व्याज. करारात दर असेल तर तोच लिहावा. नसेल तर, १९७८ च्या व्याज अधिनियमाप्रमाणे, व्याज मागणार असल्याची लेखी सूचना दिल्यावर त्या सूचनेतल्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं. दर बँकेच्या ठेवींच्या आसपासच ठेवावा. ७ टक्क्यांनी ५८,१६० वर महिन्याला साधारण ३३९ रुपये होतात. रक्कम लहान असली तरी उशीर फुकट नाही हे कागदावर येतं.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून खिडकीवर नोंदणी आणि पोचपावती हवी असं स्पष्ट सांगावं. एक प्रत करारातल्या पत्त्यावर, दुसरी गावच्या घराच्या पत्त्यावर, आणि पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आलं तर फोडू नये, तसंच जपावं. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र नाकारलं तर ते पोचलं असं कोर्ट सहसा मानतं. जुन्या चॅटही पुसू नयेत. "रंगाचे कापून बाकीचे देतो" या एका मेसेजमध्ये डिपॉझिट घेतल्याची आणि ते परत देणं असल्याची कबुली आहे.

आता दुसरा निर्णय, पुढच्या पावलाचा. पोलिसांची धमकी अजिबात लिहू नये. पोलीस ठाण्यात साधारणपणे "ही दिवाणी बाब आहे" असंच उत्तर मिळतं, आणि मालकाला ते ठाऊक असतं. खरी निवड विधी सेवा प्राधिकरण आणि दिवाणी दावा यांत आहे.

प्राधिकरणात, किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत, दावा लावण्याआधीच साधा अर्ज देता येतो. कोर्ट फी नाही, वकील लागत नाही. मालकाला तिथून नोटीस जाते. तो आला आणि तडजोड झाली तर लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसतं. कमजोरी एकच, पण मोठी: मालक आलाच नाही किंवा तयार झाला नाही तर प्राधिकरण त्याच्यावर निर्णय लादू शकत नाही.

दिवाणी दाव्यात तो न येऊन सुटत नाही. करार लेखी आणि रक्कम ठरलेली असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा संक्षिप्त दावा वकिलाला विचारून पाहावा. त्यात समन्स मिळाल्यावर १० दिवसांत मालकाला हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचाव करण्यासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते. नुकसानीचा खरा वाद दिसला तर ती परवानगी मिळते आणि दावा नेहमीच्या संथ वाटेला लागतो. कोर्ट फी आणि वकिलाचा खर्च आहेच. एक मोठा दिलासा असा की मालक डोंबिवलीत राहत असला तरी करार आणि घर रत्नागिरीतलं असल्याने दावा रत्नागिरीत लावता येतो.

साठ हजारांच्या आसपास रक्कम असेल आणि मालक अजून बोलत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: स्वतःचं पत्र, पुढचं पाऊल म्हणून प्राधिकरण, आणि दावा त्याच्या मागे राखीव. मालकाने फोन उचलणंच बंद केलं असेल तर प्राधिकरणात महिने घालवू नयेत. पत्रात थेट दाव्याची तारीख लिहावी. आणि जे लिहाल ते त्या दिवशी कराच. ३१ ऑगस्ट नुसता निघून गेला तर पुढचं प्रत्येक पत्र पुन्हा आठवणच ठरतं.

मुदतीचं भान ठेवा. पैसे देय झाल्यापासून दाव्यासाठी तीन वर्षं असतात, आणि तुम्ही कितीही पत्रं पाठवली तरी ती लांबत नाहीत.

शेवटी, अर्धे पैसे येण्याची शक्यता. २४ तारखेच्या आदल्या रात्री खात्यात ३५,००० येतात आणि मेसेज असतो, "सगळं क्लिअर." पैसे परत पाठवायचे नाहीत. लगेच लिहायचं: "रु. ३५,००० अंशतः जमा मिळाले. उर्वरित रु. २३,१६० येणे बाकी आहे." "फुल अँड फायनल" असं लिहिलेल्या कुठल्याही पावतीवर, भावाने घरी आणून दिली तरी, बाकी रक्कम हातात येईपर्यंत सही करायची नाही.