सोलापुरात आठ महिने डेटिंग ॲप वापरल्यावर

माझं वय ३१. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. पहिल्या तीन महिन्यांत पाच मॅच झाल्या आणि एकीशीही बोलणं चार ओळींपुढे सरकलं नाही. रोज रात्री अकराला ॲप उघडायचं आणि आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं मनाशी घेऊन झोपायचं, हेच चाललं होतं. शेवटी मावसबहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, गाडी नेमकी कुठं अडते ते तरी बघ आधी."

मग वहीत तीन रकाने आखले: मॅच, उत्तर, भेट. माझा पहिलाच रकाना जवळजवळ रिकामा होता. म्हणजे माझ्या बोलण्यावर कुणी नाराज नव्हतं, बोलण्यापर्यंत मी फारसा पोचतच नव्हतो. अंतर ३० किलोमीटरवर ठेवलेलं, त्यामुळे आठवड्याभरात सगळी प्रोफाइल बघून संपायची. त्यातली कितीतरी खाती बंद पडलेली असणार, आणि जी चालू होती त्यांना माझं प्रोफाइल दिसलं तरी का, हे कळायला मार्ग नाही. या शांततेला मी तीन महिने नकार समजत होतो.

पहिला फोटो लग्नातला होता: चौघे मित्र, सगळ्यांना गॉगल. बहिणीने संभाजी तलावावर सकाळच्या उन्हात माझा एकट्याचा काढून दिला. महिनाभर फक्त तेवढंच बदललं आणि सहा मॅच झाल्या. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर कशाचा उपयोग झाला ते कळलंच नसतं. पुढच्या महिन्यात अंतर पुण्यापर्यंत वाढवलं आणि प्रोफाइलवर सरळ लिहिलं, "सोलापुरातच राहतो, महिन्यातून दोन शनिवार पुण्यात असतो." त्यानंतर "एवढ्या लांब?" म्हणून मध्येच गायब होणं बरंच थांबलं.

उत्तराचा रकाना "हाय" सोडल्यावर भरायला लागला. एकीच्या फोटोत मागे हातमाग दिसला, म्हणून विचारलं, "हा घरचा का?" त्यावर तासभर बोललो. उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी एकदाच पुन्हा लिहितो, मग सोडून देतो.

पुण्यात तिला भेटलो. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, "तू चांगला आहेस, पण मला तसं काही वाटलं नाही." वाईट वाटलंच. "स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस, काळजी घे," एवढंच लिहिलं, कारण विचारलं नाही. आठवडाभर ॲप बंद ठेवलं, पण प्रोफाइलला हात लावला नाही. एका माणसाला नाही वाटलं म्हणून चालणारी गोष्ट मोडायची नाही. रकाना महिनाभर रिकामा राहिला तरच बदल करायचा.

पैसे भरून प्रोफाइल पुढे आणायची सोय दोनदा घेतली, सोलापुरात काही फरक पडला नाही. माणसंच थोडी, तीच पुन्हा दिसतात. आता फुकटातलंच वापरतो, संध्याकाळी पंधरा मिनिटं. रात्री अकराला उघडत नाही.

या महिन्यात दोघींशी बोलणं चालू आहे. एक विजापूर रोडचीच आहे. रविवारी भेटणार आहोत.