पीबीटी म्हणून एबीएस, चेरी म्हणून भलतंच: १४,०४० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

बेळगावात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. कचेरीतले अर्ज, वाटणीपत्रं, लग्नपत्रिका अशी मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांतली कामं असतात. दुकानात चार मेकॅनिकल कीबोर्ड आहेत. नवीन मुलं शिकायला येतात आणि त्यांना इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीतल्या अक्षरांची जागा पाठ नसते, म्हणून बटणांवर देवनागरी अक्षरं लागतात. स्टिकर लावले की दोन महिन्यांत कडा उचलतात आणि बोटाला चिकट लागतं. यंदा गणपतीच्या आधी ठरवलं, की एकदाच काय तो खर्च करून चांगल्या कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, घ्यायच्या.

व्हॉट्सॲपवर एक विक्रेता भेटला, महाराष्ट्रातला, गोड मराठी बोलणारा. "शंभर टक्के पीबीटी, डाय-सब, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं, चेरी प्रोफाइल." म्हणजे प्लॅस्टिक पीबीटी, साध्या एबीएसपेक्षा कठीण; अक्षरं प्लॅस्टिकमध्ये मुरवलेली; आणि कीकॅपचा आकार चेरी नावाचा, बुटका. एक सेट ३,४५० रुपये. चार सेटचे १३,८०० आणि कुरिअर २४०, एकूण १४,०४०. निम्मे, म्हणजे ७,०२०, आधी दिले आणि उरलेले ७,०२० माल निघण्यापूर्वी. दोन्ही वेळा यूपीआयने. देवनागरी सेट सहज मिळत नाही, त्यामुळे हा भाव मला जास्त वाटला नाही. आजही सांगतो, खरा माल असता तर तो भाव योग्यच होता. स्वस्तावर भुलून मी फसलेलो नाही.

पैसे पाठवण्याआधी त्याने मला व्हिडिओ पाठवला होता. काळ्या कीकॅप, त्यावर पांढरीशुभ्र अक्षरं. त्याने एक कीकॅप उलटी करून आतली दांडी दाखवली. आतूनही काळीच. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि पैसे पाठवले.

याचा त्रास मला का होतो ते सांगतो. माझ्याच दुकानात मगवर नाव छापायचं मशीन आहे. कागदावर सब्लिमेशनची शाई उमटवायची, कागद मगला गुंडाळायचा, तापवायचं, की शाईची वाफ होऊन ती वरच्या थरात मुरते. डाय-सब म्हणजे नेमकं हेच, फक्त मगच्या जागी प्लॅस्टिक. या शाईत पांढरा रंग नसतोच. ती पारदर्शक असते, खालचा रंग गडद करते, फिका करू शकत नाही. म्हणून काळ्या टी-शर्टवर पांढरं नाव मागायला आलेल्या कितीतरी पोरांना मी स्वतः परत पाठवलंय. आणि तोच मी काळ्या कीकॅपवरची पांढरी अक्षरं बघून डाय-सबचे पैसे देऊन मोकळा झालो.

काळ्यावर पांढरं अक्षर डाय-सबने एकाच रीतीने येतं. कीकॅप मुळात पांढरी किंवा फिकी घ्यायची आणि अक्षर सोडून बाकी सगळा भाग काळा रंगवायचा. पण मग ती उलटी केली की आतून फिकी दिसते, कारण रंग फक्त बाहेरून मुरलेला असतो. दुसरी रीत डबलशॉट. त्यात अक्षर वेगळ्या प्लॅस्टिकचं ओतलेलं असतं आणि आत दुसऱ्या रंगाचं प्लॅस्टिक दिसतं. त्याला प्रत्येक अक्षराचा साचा लागतो, त्यामुळे थोड्या देवनागरी सेटसाठी कुणी तो खर्च करत नाही. आतबाहेर सगळं काळं आणि वर पांढरं अक्षर असेल, तर बहुतेक वेळा वरून शाईच छापलेली असते. उलटी कीकॅप त्याने माझ्या डोळ्यांसमोर धरली होती. उलट्या बाजूचा फोटो मागा आणि तो नीट बघा, माझ्यासारखा नुसता बघून सोडू नका.

माल आला तेव्हा हाताला छान खरखरीत लागला. एबीएस गुळगुळीत आणि पीबीटी खरखरीत असं सगळे सांगतात, म्हणून मी निश्चिंत झालो. पण ही खरखर साच्यातून येते. साचा खरखरीत केला तर एबीएसही तसंच निघतं. हाताच्या स्पर्शावर विश्वास ठेवू नका. अक्षरं मात्र पहिल्या दिवसापासून तिरप्या उजेडात चमकत होती. खरखरीत पृष्ठभागावर शाईचा गुळगुळीत थर बसला की तो असा वेगळा चमकतो. मुरलेल्या अक्षराला स्वतःचा थर नसतो, त्यामुळे त्याची चकाकी भोवतालच्या प्लॅस्टिकसारखीच राहते.

पाचव्या आठवड्यात दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, काना पुसूलालाय बघा." इनस्क्रिप्टमध्ये काना E वर असतो आणि मराठी टायपिंगमध्ये त्या बटणाला उसंत नसते. कान्याचा वरचा निम्मा भाग गेला होता. र आणि त ची बटणं तेलकट दिसत होती आणि स्पेसबार तर आरशासारखा.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, हाताचा घाम आहे, साबणाने धुवा." धुतले, रात्रभर वाळवले. चमक तशीच. घामाचं तेल असतं तर ते साबणाने गेलं असतं. ही चमक म्हणजे प्लॅस्टिक झिजलेलं असतं. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे बोटाच्या घासण्याने सपाट होतात आणि सपाट झालेल्या जागेवरून उजेड सरळ परततो. एबीएस मऊ, म्हणून तिथे हे लवकर होतं. पीबीटी कठीण आहे, त्यालाही चमक येते, पण खूप उशिरा. धुऊन न गेलेली चमक परत खरखरीत होत नाही.

मग तो म्हणाला, "फक्त स्पेसबार एबीएस असतो, सगळ्याच कंपन्यांचा असतो." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच राग येतो. पीबीटी थंड होताना एबीएसपेक्षा जास्त आकसतं, लांब स्पेसबार वाकडा होण्याची भीती असते, त्यामुळे काही पीबीटी सेटमध्ये स्पेसबार एबीएसचा देतात. पण र आणि त काही स्पेसबार नाहीत.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने घरीच परीक्षा करायला लावली. साध्या पाण्यात दोन्ही प्लॅस्टिक बुडतात, त्यावरून काही कळत नाही. एका ग्लासात २०० मिलिलिटर कोमट पाणी घेतलं आणि त्यात ७० ग्रॅम मीठ विरघळेपर्यंत ढवळलं. इतक्या खाऱ्या पाण्याची घनता साधारण १.२ होते. एबीएसची १.०५ च्या आसपास, पीबीटीची १.३ च्या आसपास. म्हणजे एबीएस तरंगायला हवं आणि पीबीटी तळाला जायला हवं. कीकॅप आधी पाण्याखाली उलटीसुलटी करून आतला हवेचा बुडबुडा काढायचा, नाहीतर पीबीटीही तरंगेल. भाच्याने स्वतःच्या कीबोर्डची खात्रीची एक पीबीटी कीकॅप टाकली, ती सरळ खाली गेली. मग माझ्या चारही सेटमधली एकेक टाकली. चारही वर आल्या. बोटाने दाबल्या, पुन्हा वर आल्या. लक्षात ठेवा, बुडाली म्हणजे ती पीबीटीच असं सिद्ध होत नाही, जड प्लॅस्टिक दुसरीही आहेत. पण तरंगली तर ती पीबीटी नाही.

डाय-सबचं खोटं इथेही उघडं पडलं. त्या रीतीला २०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. एबीएस १०५ च्या आसपासच मऊ पडायला लागतं, तिथे कीकॅपचा आकारच राहणार नाही. पीबीटी २२० च्या पुढे वितळतं, म्हणून ते हे सोसतं.

आता उंचीचं. चेरी प्रोफाइलची सगळ्यात उंच ओळ साधारण साडेनऊ मिलिमीटर असते. माझ्याकडे आलेल्या कीकॅपची वरची ओळ व्हर्नियरने मोजली, १६ भरली. म्हणजे जवळजवळ एसए नावाच्या उंच प्रोफाइलची उंची. विचारलं तर म्हणे, "चेरी म्हणजे चेरीच्या स्विचला बसणारी." अधिक-चिन्हाच्या दांडीवर बाजारातली जवळजवळ प्रत्येक कीकॅप बसते, मग प्रोफाइल हा शब्द कशाला लिहिलास? पावतीवर आकड्यात उंची लिहून घ्या, नुसतं 'चेरी' चालणार नाही.

उंचीने काय होतं ते दिवसाला चाळीस पानं मारणाऱ्याला विचारा. स्विच तितकाच खाली जातो, साधारण चार मिलिमीटर, पण बोट सहा-सात मिलिमीटर वर उचलून ठेवावं लागतं. मनगट टेबलावर टेकलेलं असेल तर पंजा मागे वाकतो. उंच कीकॅपच्या कडेला बोट पडलं की ती डुलते, कारण दांडीपासून बोट लांब गेलेलं असतं. खालच्या ओळीवरून वरच्या ओळीवर जाताना माझं बोट मधल्या बटणाला अडखळायचं आणि कान्याच्या जागी हलन्त पडायचा. मनगटाखाली उशी घेऊन उंच प्रोफाइल आवडीने वापरणारे आहेत, आवाजही घुमदार येतो. पण मी ते मागितलं नव्हतं. आठव्या दिवसापासून माझा उजवा हात दुखायला लागला.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" त्यांच्यासमोर मिठाचं पाणी करून दाखवायची तयारी होती, कुणी बघितलं नाही. अर्ज मराठीत होता, तो कन्नडमध्ये आणायला सांगितला. कन्नडमध्ये टाइप करून नेला, तर म्हणे विक्रेता महाराष्ट्रातला आहे, तिकडे जा. तिकडे फोन केला, तर म्हणे तुम्ही कर्नाटकातले, तिकडेच द्या. सीमेवरच्या माणसाला हे वाक्य जन्मभर ऐकावं लागतं, पण चौदा हजार गेल्यावर ते फार लागतं. बँकेत गेलो, "तुम्ही स्वतः पिन टाकलात." ग्राहकांच्या एका कार्यालयात गेलो, तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "दुकानासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही." तीन दिवस दुकान बंद ठेवून मी हे ऐकलं.

ते खोटं होतं. वकील मित्राने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून दाखवला. स्वतःच्या रोजगारावर पोट चालवायला घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच असतो, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. हे तिथे बसलेल्या माणसाला माहीत नसावं?

आता तक्रार दाखल केली आहे. चारही सेट, खोकी, कुरिअरची चिठ्ठी आणि तो उलट्या कीकॅपचा व्हिडिओ जपून ठेवलाय. निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडे कुणाला असाच काळा देवनागरी सेट आला असेल तर फेकू नका, पुसलेल्या अक्षरांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. आणि कुणाचा माल अजून यायचा असेल आणि विक्रेत्याने माझ्यासारखेच पैसे दोन हप्त्यांत मागितले असतील, तर दुसरा हप्ता अजून पाठवू नका.