जुना गॅस की नवा गॅस : गाडीच्या एसीचं सर्व्हिसिंग कुठे आणि कसं बदलतं

आमच्या नाशिकच्या वर्कशॉपमध्ये हल्ली महिन्यातून दोनतीन जण तरी विचारतात, "नवीन गॅसची गाडी घेऊ का? पुढे एसीचा खर्च झेपेल ना?" काही जण गाडी घेऊन मोकळे झालेले असतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : "यात साधाच गॅस भरला तर काय बिघडतं?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच तुलनेत मिळतात, म्हणून ती सविस्तर मांडतो.

आधी गाडीत कोणता गॅस आहे ते बघा. बोनेट उघडलं की पुढच्या पट्टीवर किंवा बोनेटच्या आतल्या बाजूला एसीचं स्टिकर असतं. त्यावर R-134a, म्हणजे जुना गॅस, किंवा R-1234yf, म्हणजे नवा गॅस, असं लिहिलेलं असतं आणि शेजारी किती ग्रॅम भरायचा तो आकडा असतो. नव्या गॅसच्या स्टिकरवर ज्वाळेचं चिन्हही असतं. आपल्याकडे रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत अजून आर-१३४ए आहे. आर-१२३४वायएफ दिसतो तो मुख्यतः बाहेरून आलेल्या आणि महागड्या गाड्यांत. युरोपात मात्र १ जानेवारी २०१७ पासून जुन्या गॅसची नवी मोटार विकताच येत नाही. भारतानं २०२१ मध्ये हवामान तापवणाऱ्या अशा गॅसवरचा किगाली करार मान्य केला. त्यानुसार अशा गॅसचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं कमी करायचा आहे, म्हणजे आज घेतलेली गाडी म्हातारी होईपर्यंत हा बदल तिच्या दारात आलेला असेल.

बदलाचं कारण साधं आहे. जुन्या गॅसचा एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडकवतो. नव्या गॅसचा हाच आकडा ४ किंवा त्याहूनही कमी धरतात. एखाद्या हॅचबॅकमध्ये ४५० ग्रॅम जुना गॅस असतो असं धरू. तो सगळा गळून गेला तर परिणाम साधारण ६४० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा, म्हणजे सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळल्यासारखा. त्याच गाडीत नवा गॅस असता तर हिशेब दोन किलोच्याही आत आला असता. नवा गॅस हवेत काही दिवसांतच तुटतो. पण तुटल्यावर त्यातून एक आम्ल तयार होतं आणि ते पाण्यात दीर्घकाळ टिकून राहतं. युरोपात त्यावर चर्चा चालू आहे, तेव्हा हा गॅस अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही.

गाडी चालवणाऱ्याला फरक जाणवतो का? नाही. नवा गॅस तेवढ्याच वजनात थोडी कमी उष्णता उचलतो. ही कसर भरून काढायला बऱ्याच कंपन्या गार आणि गरम पाइप एकमेकांना बिलगून नेणारी एक जादा नळी बसवतात आणि सिस्टिम त्या गॅसप्रमाणे जुळवतात. नाशिकच्या मे महिन्यात दोन्ही गाड्या सारख्याच गार होतात. तेव्हा गॅस बघून गाडी निवडू नका. गॅस बघून वर्कशॉप मात्र नक्की निवडा. खरा फरक तिथेच आहे.

तो समजायला मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आलेली एक एसयूव्ही सांगतो. स्टिकरवर नवा गॅस, ६२० ग्रॅम. तक्रार अशी की गारवा कमी झालाय, सिग्नलला थांबलं की गरम वारा येतो. इंजिन बंद असताना मीटर लावलं तर ९५ पीएसआयच्या आसपास दाब, अगदी व्यवस्थित. इथेच माणूस फसतो. हे दोन गॅस दाबाच्या बाबतीत जुळे भाऊ आहेत : ३० अंशांना एकाचा दाब साधारण ९७ पीएसआय, तर दुसऱ्याचा ९९. शिवाय सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी बंद गाडीत दाब तेवढाच दिसतो. म्हणजे गॅस कोणता आहे तेही मीटर सांगत नाही आणि किती आहे तेही नाही.

गॅस ओळखणारं यंत्र लावलं. स्क्रीनवर आलं : नवा गॅस ५८ टक्के, जुना ३९ टक्के, बाकी हवा. मालकांना विचारलं तेव्हा कळलं की दोन महिन्यांपूर्वी प्रवासात एका ठिकाणी टॉप-अप केला होता. "पण साहेब, गारवा मस्त झाला होता हो!" ते म्हणाले. होणारच. दोन्ही गॅस एकमेकांत सहज मिसळतात आणि काही दिवस कामही चोख करतात. दोन्हींचे सर्व्हिस पोर्ट, म्हणजे गॅस भरायची तोंडं, मुद्दाम वेगळी बनवलेली असतात, जुन्या गॅसची नळी नव्यावर बसत नाही. इथे कुणीतरी अडॅप्टर लावून ती बसवली होती. पोर्टवर पकडीचे ओरखडे होते आणि एक टोपण गायब होतं.

अशा मिश्रणानं पुढे काय होतं? पहिली गोष्ट, नव्या गॅसचं, म्हणजे तो काढणारं आणि भरणारं, कुठलंही चांगलं मशीन असा गॅस खेचून घ्यायला नकार देतं. त्यानं घेतला तर आतला सगळा स्वच्छ साठा बाटेल. त्यामुळे तो वेगळ्या पंपानं वेगळ्या सिलिंडरमध्ये काढावा लागतो. या गाडीतून ४१० ग्रॅम निघाला. वर्कशॉपमध्ये हे मिश्रण परत वेगळं करता येत नाही, ते शुद्धीकरणाला किंवा नष्ट करायलाच पाठवावं लागतं. दुसरी गोष्ट तेलाची. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं आणि नव्या गॅसच्या तेलाची घडण वेगळी असते. जुन्या गॅसबरोबर कुठलं तेल आत गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तेल काढलं, ओलावा शोषणारा ड्रायर बदलला आणि स्टिकरवर छापलेलंच तेल मोजून घातलं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत ही चूक आणखी महागात पडते. तिथे कॉम्प्रेसरच्या आत विजेची मोटर असते आणि चुकीच्या तेलानं तिचं इन्सुलेशन कमजोर होतं.

गळतीचं मूळ होतं कंडेन्सरच्या जोडावरची एक ओ-रिंग. तिच्याभोवती तेलकट धुळीचा रुपयाएवढा डाग होता. ज्यांनी टॉप-अप केला त्यांनी तो बघितला असता तर सगळं काम ओ-रिंग आणि गॅसवर भागलं असतं.

आता रोजच्या सर्व्हिसिंगमधला फरक. जुन्या गॅसच्या गाडीत पद्धतशीर काम म्हणजे आधी उरलेला गॅस खेचून वजन करायचं, सिस्टिममधली हवा काढून अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम धरायचा, तो टिकतो का बघायचं आणि स्टिकरवरच्या वजनानं गॅस भरायचा. व्यवहारात अनेक ठिकाणी मीटर बघून अंदाजानं डबा सोडतात. ते चूकच आहे. छोट्या गाडीत पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी गारव्यात फरक पडतो. पण गॅस स्वस्त असल्यानं ही चूक खपून जाते.

नव्या गॅसला दोन पायऱ्या वाढतात. मशीनला नळी जोडण्याआधी गॅस ओळखायचा, ही पहिली. दुसरी भरताना : व्हॅक्यूमची परीक्षा पास झाली तरी मशीन आधी ठरलेल्या वजनाच्या साधारण १५ टक्केच गॅस सोडून थांबतं. मग ब्लोअर मंद ठेवून गाडीच्या आत वारा येतो त्या जाळीपाशी गळती पकडणारा डिटेक्टर धरायचा. कूलिंग कॉइलमधून गळती नाही अशी खात्री झाली की उरलेला गॅस आत जातो. कारण हा गॅस, कमी प्रमाणात का होईना, पेट घेऊ शकतो आणि कॉइल प्रवाशांच्या बाजूला असते. तो एलपीजीसारखा भडकत नाही. हवेत सहा टक्क्यांच्या वर साठला आणि जोरदार ठिणगी किंवा ज्योत मिळाली तरच पेटतो. पण पेटला की निघणारा धूर फार विषारी असतो. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, खाली साठतो. म्हणून सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी उभी करून हे काम करू नये आणि शेजारी वेल्डिंग चालू नसावं.

यातूनच कॉइलचा मुद्दा येतो. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे फुटलेली कूलिंग कॉइल गॅस वेल्डिंगनं जोडून देतात, नाहीतर भंगारातल्या गाडीची काढून बसवतात. जुन्या गॅसच्या गाडीत तो पैशांचा हिशेब असतो. नव्या गॅसच्या गाडीत असं करायचंच नाही. जुन्या बाजारातली कॉइल नको, जोडलेलीही नको. त्या गॅससाठी प्रमाणित केलेली नवीच हवी. कुणी "जोडून देतो, निम्म्यात होईल" म्हणालं तर गाडी तिथून काढा.

खर्चाचं म्हणाल तर नव्या गॅसचा किलोचा भाव जुन्याच्या कित्येक पट आहे आणि ते मशीनही महाग. पण सिस्टिम घट्ट असेल तर गॅस दरवर्षी बदलावा लागत नाही, मग तो कोणताही असो. दर उन्हाळ्यात टॉप-अप लागतोय याचा अर्थ गळती आहे. जुन्या गॅसवाला ही सवय लावून घेतो. नव्या गॅसवाल्यानं पहिल्याच खेपेला गळती शोधण्याचे पैसे द्यावेत, ते एका भरणीतच वसूल होतात.

तुमची गाडी जुन्या गॅसची असेल तर तिच्यात नवा गॅस घालण्याच्या फंदात पडू नका. तिची कॉइल, तेल, पोर्ट काहीच त्यासाठी बनलेलं नाही आणि जुना गॅस अजून अनेक वर्षं मिळणार आहे. तिच्यासाठी करण्यासारखी एकच गोष्ट आहे : कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसर काढताना गॅस हवेत सोडू देऊ नका, मशीननं खेचायला लावा. नव्या गॅसची गाडी असेल तर त्यात जुना गॅस कधीच नको. युरोप-अमेरिकेत ते बेकायदाच आहे.

नव्या गॅसची गाडी जुनी म्हणून विकत घेत असाल तर टेस्ट ड्राइव्हला मिळालेल्या गार वाऱ्यावर जाऊ नका. दोन्ही पोर्टची टोपणं काढून ओरखडे बघा. मग गॅस ओळखणारं यंत्र असलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी न्या, काही मिनिटांचंच काम आहे. स्क्रीनवर नवा गॅस ९८ टक्क्यांच्या खाली दिसला तर गॅस काढणं, तेल, ड्रायर आणि पूर्ण भरणी एवढा सगळा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करूनच बोला.