आखडलेला अंगठा: बुटात कडक पट्टी की रॉकर सोल?

चालताना टाच उचलली की भार पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर येतो, आणि त्या क्षणी अंगठा वरच्या दिशेने निदान 40 अंश तरी वळावा लागतो. सुरुवातीच्या संधिवातात कूर्चा झिजते, सांध्याच्या वरच्या कडेला हाडाचा उंचवटा वाढतो आणि वळणारा अंगठा तिथे अडतो. म्हणूनच मऊ, सहज दुमडणारे बूट हातात घेतल्यावर छान वाटले तरी या दुखण्यात ते त्रासच वाढवतात. बूट चवड्याच्या जागी कमी दुमडला पाहिजे.

त्यासाठी एक उपाय म्हणजे इन्सोलखाली कार्बन फायबरची पातळ, कडक पट्टी. ती पार अंगठ्याच्या टोकापर्यंत गेली पाहिजे, सांध्याच्या अलीकडे संपली तर बूट नेमका दुखऱ्या जागीच दुमडतो. पट्टी एका बुटातून दुसऱ्यात घालता येते. बूट जेमतेम खोल असेल तर मात्र पाय वर उचलला जातो आणि उंचवटा बुटाला घासतो.

दुसरा उपाय रॉकर सोलचा. हा कडक असतो आणि पुढून वर वळलेला असतो. त्यामुळे अंगठा न वळता पाऊल पुढे गडगडतं. वळण चवड्याच्या किंचित मागे सुरू व्हायला हवं, फार पुढे असेल तर फायदा होत नाही. शिवाय तोल थोडा डळमळतो, जिने उतरताना ते विशेष जाणवतं. एकाच बुटाचा सोल जाड केला तर दोन्ही पायांच्या उंचीत फरक पडतो, त्यामुळे जोडीच बदलावी.

2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत तयार इन्सोल आणि रॉकर बूट यांची तुलना झाली. 12 आठवड्यांनी दोन्ही गटांत वेदना जवळपास सारखीच कमी झाली, पण रॉकरवाल्यांनी बूट कमी वापरले आणि त्यांच्या तक्रारीही जास्त होत्या.

समजा, एखादी शिक्षिका तासन् तास उभी असते. पाऊल उचलताना तिला दुखतं आणि उंचवट्यावर बुटाचा दाबही जाणवतो. तिने आधी पुढे खोल आणि रुंद बूट घ्यावा, मग त्यात पट्टी घालावी. उंचवट्यावरून जाणारी लेस सोडून द्यावी, दाब लगेच हलका होतो. काही आठवड्यांनीही चालताना कळ येत असेल तर रॉकर. तोल आधीच कच्चा असेल तर मी पट्टीवरच थांबेन.

सांधा रात्री किंवा बसल्या जागी ठणकत असेल किंवा अंगठा अर्ध्यावर वळवतानाही दुखत असेल, तर झीज पुढे गेलेली असू शकते. तेव्हा बूट पुरे पडत नाहीत, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला तर गाऊटची तपासणी लवकर करून घ्यावी. मधुमेहाने पाय बधिर असेल तर नवी पट्टी घातल्यावर रोज त्वचा पाहावी, कारण घासल्याचं तुम्हाला जाणवणार नाही.